उगादी १९ मार्चला, पुत्तांडु १४ एप्रिलला आणि विषु १५ एप्रिलला : नववर्षाचे दिवस वेगळे का पडतात?

वैदेही (धागाकर्ती)

मी गेली अनेक वर्षे बंगळूरला राहते आणि आमच्या इमारतीत कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळी आणि मराठी अशी सगळीच कुटुंबे आहेत. यंदा, म्हणजे २०२६ साली, उगादी आणि आपला गुढीपाडवा १९ मार्चला झाला, तमिळ कुटुंबाचा पुत्तांडु १४ एप्रिलला आला आणि त्यांच्या समोरच राहणाऱ्या मल्याळी कुटुंबाचा विषु १५ एप्रिलला आला. पाडवा चंद्रावर आणि विषु सूर्यावर ठरतो एवढे मला ठाऊक आहे, परंतु तेवढ्याने माझ्या दोन शंका फिटत नाहीत.

पहिली शंका अशी. गेल्या काही वर्षांचे पाडवे पाहिले तर २०२३ साली २२ मार्च, २०२४ साली ९ एप्रिल, २०२५ साली ३० मार्च आणि यंदा १९ मार्च अशी तारीख पुढेमागे होत राहते. मात्र तो मेमध्ये किंवा फेब्रुवारीत कधीच जात नाही. चंद्राला सूर्याशी देणेघेणे नसेल, तर पाडव्याला ही वेस कोणी घालून दिली?

दुसरी शंका तमिळ आणि मल्याळी दिवसांची. दोन्ही समाज सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशावरून वर्ष धरतात. हा प्रवेश आकाशात एकदाच होतो, मग दिवस दोन कसे? शिवाय २०२५ साली दोघांचाही सण १४ एप्रिललाच होता. सणामागच्या कथा मी वाचलेल्या आहेत, त्यामुळे कोणी गणिताच्या अंगाने समजावले तर फार बरे होईल.

श्रीधर

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. बारा चांद्रमास मिळून साधारण ३५४ दिवस होतात आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे असते, म्हणून पाडवा दर वर्षी अकरा दिवसांनी मागे येतो. तो फार मागे जाऊ लागला की अधिक महिना घालून पुन्हा पुढे आणतात. विषु हा दिवस आणि रात्र समान असण्याचा दिवस आहे, त्यामुळे तो सूर्याला धरून राहतो आणि इंग्रजी तारखेत फारसा हलत नाही.

तमिळ आणि मल्याळी दिवसांतील फरक सूर्योदयामुळे पडत असावा. चेन्नई पूर्वेला आहे, तेथे सूर्य केरळच्या आधी उगवतो, आणि तेवढ्या अंतराने एखाद्या वर्षी दिवस बदलत असेल.

अरुंधती

श्रीधर यांनी अकरा दिवसांचा हिशोब बरोबर मांडला आहे, पण उरलेल्या दोन गोष्टी तशा नाहीत. दिवस आणि रात्र समान असण्याची घटका हल्ली २० मार्चच्या सुमारास येते, म्हणजे विषुच्या जवळजवळ साडेतीन आठवडे आधी. फार पूर्वी ही घटका आणि सूर्याचा मेष प्रवेश एकाच वेळी येत असत, त्यामुळे हा समज टिकून आहे. दुसरे असे की चेन्नई आणि कोची यांच्या सूर्योदयात फरक आहे तो काही मिनिटांचा. तेवढ्यावरून यंदाचा एका दिवसाचा फरक पडलेला नाही. त्याचे कारण वेगळे आहे, पण आधी वैदेही यांची पहिली शंका घेते, कारण दुसरीची किल्ली तिच्यातच आहे.

‘पाडवा चंद्रावर ठरतो’ हे विधान अर्धेच आहे. महिना केव्हा सुरू व्हावा हे चंद्र ठरवतो, परंतु त्या महिन्याला चैत्र म्हणावे की दुसरे काही, हे सूर्य ठरवतो. आपल्याकडे महिना एका अमावास्येच्या शेवटापासून दुसऱ्या अमावास्येच्या शेवटापर्यंत चालतो, आणि ज्या महिन्यात सूर्य मेष राशीत प्रवेश करतो तो चैत्र. वृषभेत प्रवेश ज्यात होतो तो वैशाख, आणि याच क्रमाने पुढचे महिने. मेष संक्रांत हल्ली १३ किंवा १४ एप्रिलला होते. ती चैत्राच्या पोटात असलीच पाहिजे, म्हणून चैत्राची सुरुवात त्या संक्रांतीच्या आधीच्या महिनाभरात कधीतरी होणार आणि संक्रांतीच्या पुढे जाणार नाही. वेस आहे ती हीच.

२०२१ सालचे उदाहरण पाहा. त्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता आणि मेष संक्रांत १४ एप्रिलच्या पहाटे झाली, त्यामुळे पाडव्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी विषु आला. पाडवा पुढच्या वेशीला अगदी टेकलेला होता. यंदा १९ मार्चचा पाडवा मागच्या वेशीजवळ आहे. अकरा दिवस मागे जाण्याचा क्रम तसाच चालू राहिला असता तर पुढचा पाडवा ८ मार्च २०२७च्या आसपास आला असता, पण मग ८ मार्च ते ७ एप्रिल या महिन्यात मेष संक्रांत आलीच नसती आणि त्याला चैत्र म्हणता आले नसते. म्हणून यंदा मे आणि जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येतो, सगळे महिने एका घराने पुढे सरकतात आणि २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला पडतो.

हा अधिक महिना कोणी मनाने घालत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ज्या चांद्रमासात सूर्य एकही राशी बदलत नाही, तो आपोआप अधिक ठरतो. सूर्याला एक राशी ओलांडायला सरासरी साडेतीस दिवस लागतात आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो, त्यामुळे अडीच-तीन वर्षांनी असा संक्रांतीविना महिना येतोच.

याचाच अर्थ असा की उगादी आणि विषु हे दोन परस्परांपासून तुटलेल्या कालगणनांचे दिवस नाहीत. विषु संक्रांतीपाशी उभा आहे आणि उगादी त्याच संक्रांतीच्या आधी सुरू झालेल्या चांद्रमासाच्या आरंभाशी.

तेजस

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच हिशोबातला असावा. आमचा मुलगा २२ मार्च २०२३ला, पाडव्याच्या दिवशीच जन्मला. पुढच्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला गेला, आणि तेव्हापासून घरात दोन वाढदिवस होतात, एक तारखेने आणि एक तिथीने. हे दोन दिवस पुन्हा एकत्र कधी येतील? माझे वडील म्हणतात की अधिक महिना आला की तीन वर्षांनी येतील, पण यंदा तसे झाले नाही.

अरुंधती

अधिक महिन्याने पाडवा त्याच पट्ट्यात परत येतो, त्याच तारखेवर येतो असे नाही. तारीख आणि तिथी यांचे पक्के जुळणे एकोणीस वर्षांनी होते, कारण एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात. चुकले तरी बहुधा एखाद्या दिवसाने चुकते, जसे २००४ चा पाडवा २१ मार्चला होता आणि २०२३ चा २२ मार्चला. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र एका दिवसाचाही फरक पडत नाही. २०४२ साली पाडवा पुन्हा २२ मार्चलाच येतो.

सुलभाताई

यंदाच्या १९ मार्चविषयी मला विचारायचे आहे, कारण आमच्या घरी त्यावरून बरीच चर्चा झाली. पंचांगात त्या दिवशी सकाळी सूर्योदयाला अमावास्या लिहिली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला द्वितीया. प्रतिपदा कोणत्याच सूर्योदयाला नव्हती. सूर्योदयाची तिथी त्या दिवसाची मानायची असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, मग पाडवा १९ तारखेलाच कसा धरला? माझ्या जाऊबाई अजूनही म्हणतात की आम्ही अमावास्येला गुढी उभारली.

अरुंधती

सुलभाताई, तुमचा प्रश्न मोलाचा आहे, कारण यंदाचा पाडवा खरोखरच क्षयतिथीचा होता. तिथीची लांबी दिवसाएवढी नसते. चंद्र कधी वेगाने आणि कधी सावकाश चालतो, त्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आसपास आटोपते आणि कधी सव्वीस तासांच्याही पुढे लांबते. १९ मार्चला अमावास्या सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास संपली आणि प्रतिपदा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आतच संपली, म्हणजे ती अवघी बावीस तासांची होती. पुण्यात त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून ४० मिनिटांच्या आसपास होता. सूर्य उगवला तेव्हा अमावास्येची दहाबारा मिनिटे शिल्लक होती, आणि दुसऱ्या सूर्योदयाच्या आधी प्रतिपदा निघूनही गेली होती.

अशा वेळी नियम असा आहे की प्रतिपदेला एकही सूर्योदय मिळत नसेल, तर ती ज्या दिवशी सुरू होऊन ज्या दिवसाचा बहुतेक भाग व्यापते, तोच दिवस वर्षारंभाचा मानावा. वीस तारखेला तर दिवस उजाडल्यावर प्रतिपदा नव्हतीच, त्यामुळे दुसरा पर्यायही नव्हता. सात वाजल्यानंतर उभारलेली गुढी प्रतिपदेतच उभारली गेली, हे तुमच्या जाऊबाईंना निःशंकपणे सांगा.

जाता जाता एक नोंद करते. द्वारकेला त्या दिवशी सूर्य सातच्या सुमारास उगवला, म्हणजे तेथे सूर्योदयाला प्रतिपदा लागलेली होती आणि क्षयाचा प्रश्नच आला नाही. श्रीधर यांनी सूर्योदयाचा जो मुद्दा काढला होता तो विषुला लागू नाही, पण चांद्र तिथीच्या बाबतीत तो असा खरा ठरू शकतो.

मीनल (कोची)

लग्नानंतर मी केरळमध्येच आहे, त्यामुळे विषुविषयी दोन गोष्टी सांगते. बाहेरच्या लोकांना वाटते तसा विषु हा येथे वर्षाचा आकडा बदलण्याचा दिवस नाही. कोल्लम वर्षाचा आकडा चिंगम महिन्याच्या एक तारखेला, ऑगस्टच्या मध्यावर बदलतो, आणि गेल्या १७ ऑगस्टला १२०१ वे वर्ष सुरू झाले. तो दिवस शेतीच्या वर्षाशी आणि ओणमच्या महिन्याशी जोडलेला आहे. विषु हा सूर्याच्या फेरीचा आरंभ आहे, आणि आमच्या घरातले वडीलधारे लोक त्याला वर्षाची पहिली दृष्टी मानतात, वर्षाची पहिली तारीख मानत नाहीत.

दुसरी गोष्ट वैदेही यांच्या शंकेशी थेट संबंधित आहे. येथे महत्त्व कणी पाहण्याला आहे. आदल्या रात्री सासूबाई उरुळीत तांदूळ, पिवळी काकडी, बहाव्याची फुले, नाणी आणि आरसा मांडून ठेवतात, आणि पहाटे डोळे मिटूनच प्रत्येकाला त्या समोर नेऊन बसवतात. आता विचार करा. ही कणी पहाटे पाहायची आहे आणि सूर्य मेषेत गेल्यानंतरची पहिली सकाळ हवी आहे. संक्रांत सकाळी साडेनऊला झाली, तर त्या दिवसाची पहाट संक्रांतीच्या आधीचीच असते. मग कणी दुसऱ्या दिवशीच पाहावी लागते.

२०२२ साली तर असे झाले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १४ एप्रिलच्या चौकोनात मेडम १ छापले होते आणि विषु मात्र पुढच्या चौकोनात, मेडम २ ला होता. मी तेव्हा छपाईची चूक समजले होते. सासऱ्यांनी सांगितले की महिन्याची पहिली तारीख ठरवण्याचा नियम वेगळा आणि कणीचा नियम वेगळा.

अरुंधती

मीनल यांनी नेमकी गाठ सोडवली आहे. मी फक्त तिचे आकडे मांडते.

संक्रांत हा एक क्षण आहे, आणि क्षणाला दिवस नेमून द्यावा लागतो. तमिळ प्रथेत संक्रांत सूर्यास्ताच्या आधी झाली, तर तोच दिवस चित्तिरै महिन्याचा पहिला दिवस होतो. सूर्यास्तानंतर झाली तर दुसरा दिवस. केरळमध्ये महिन्याचा पहिला दिवस ठरवताना मर्यादा सूर्यास्ताची नसून दिवसाच्या पाच भागांपैकी तीन भाग संपण्याची असते, म्हणजे दुपारी साधारण सव्वा ते दीड वाजेपर्यंतची. आणि विषुसाठी, मीनल म्हणतात त्याप्रमाणे, सूर्योदयाला सूर्य मेषेत असणे आवश्यक धरतात.

आता पाठोपाठची चार वर्षे पाहा. सूर्याला ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी पूर्ण करायला ३६५ दिवस आणि सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून संक्रांतीची घटका दर वर्षी सहा तासांनी पुढे जाते. २०२४ साली ती १३ एप्रिलच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास होती. सूर्यास्त होऊन गेला होता, म्हणून पुत्तांडु १४ला, आणि पुढची पहाटही १४चीच, म्हणून विषुदेखील १४ला. २०२५ साली संक्रांत १४ एप्रिलला पहाटे साडेतीनच्या सुमारास झाली. सूर्योदयाच्या आधी असल्यामुळे दोन्ही सण पुन्हा १४लाच. यंदा ती १४ एप्रिलला सकाळी साडेनऊनंतर झाली. सूर्यास्ताला अवकाश होता, म्हणून पुत्तांडु १४ला, पण पहाट टळून गेली होती, म्हणून विषु १५ला. पुढच्या वर्षी, २०२७ साली, संक्रांत दुपारी पावणेचारच्या सुमारास येईल आणि तेव्हाही पुत्तांडु १४ला आणि विषु १५लाच असेल. त्यानंतर २०२८ च्या फेब्रुवारीत २९ तारीख येते, तारीख एका दिवसाने मागे ओढली जाते आणि ही चार वर्षांची फेरी जवळपास पहिल्यासारखी सुरू होते.

बंगालचा पोयला बैशाख याच पठडीत बसतो, फक्त तेथील मर्यादा मध्यरात्रीची आहे. संक्रांत मध्यरात्रीपूर्वी झाली की दुसरा दिवस पहिला, त्यामुळे यंदा त्यांचाही सण १५ला होता. बांगलादेशाने हा सगळा प्रश्न मिटवण्यासाठी १४ एप्रिल ही तारीख कायमची ठरवून टाकली आहे, म्हणून एकाच भाषेचे लोक सीमेच्या दोन बाजूंना काही वर्षी वेगवेगळ्या दिवशी नववर्ष साजरे करतात.

श्रीधर

विषु आणि समान दिवसाबाबतची दुरुस्ती मान्य आहे, ती जागा आता समजली. एक विचारतो. तमिळनाडूत मध्यंतरी सरकारनेच नववर्ष बदलून पोंगलला नेले होते ना? मग हे केवळ गणित नसून राजकीय निर्णयही असतो, असे म्हणावे लागेल.

अरुंधती

हो, २००८ साली तमिळनाडूने कायदा करून तै महिन्याची पहिली तारीख, म्हणजे पोंगलचा दिवस, नववर्ष ठरवला होता, आणि २०११ साली नव्या सरकारने तो कायदा रद्द करून चित्तिरै पुन्हा आणला. पण त्यात काय बदलले हे नीट पाहायला हवे. तैची पहिली तारीख मकर संक्रांतीवर ठरते आणि चित्तिरैची मेष संक्रांतीवर. सूर्याच्या बारा संक्रांतींपैकी कोणती पहिली मानायची, हा निवडीचा प्रश्न आहे, आणि तो समाज किंवा सरकार ठरवू शकते. संक्रांतीची घटका मात्र कोणाच्या ठरावाने हलत नाही. गुजरातचे नववर्ष दिवाळीनंतरच्या कार्तिक प्रतिपदेला असते, तेही याच प्रकारचे. त्यांचे चांद्रमास आपलेच आहेत, पहिला महिना तेवढा वेगळा धरला आहे.

सोमनाथ

या सगळ्या गुंत्यावर आपल्या देशाने पूर्वीच उत्तर शोधलेले आहे, त्याचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ला, शके १८७९च्या १ चैत्रापासून, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात चैत्राचा पहिला दिवस दर वर्षी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. चंद्र नाही, क्षयतिथी नाही, अधिक महिना नाही. रेडिओवर आणि राजपत्रावर ही तारीख सांगतात, मग सगळ्या प्रांतांनी तिच्याच पहिल्या दिवशी नववर्ष का करू नये?

माझा आग्रह केवळ सोयीचा नाही. ही दिनदर्शिका ऋतूंना धरून आहे. विषु आणि पुत्तांडु ताऱ्यांना धरून असल्यामुळे हळूहळू ऋतूंपासून सरकत चालले आहेत, आणि पाडवाही त्यांच्याबरोबर ओढला जातो, कारण अरुंधतीताईंनीच सांगितले की चैत्र मेष संक्रांतीला बांधलेला आहे.

अरुंधती

सोमनाथ, सरकण्याविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि ते इतिहासात तारखांवरून दिसते. १९१९ साली जालियनवाला बागेत लोक जमले तो बैसाखीचा दिवस १३ एप्रिल होता. १६९९ सालची खालसा स्थापनेची बैसाखी तेव्हाच्या जुन्या ज्युलियन गणनेने ३० मार्चला होती, म्हणजे आजच्या गणनेने ९ एप्रिलला. हल्ली बैसाखी बहुधा १४ एप्रिलला येते. सुमारे ७२ वर्षांत एक दिवस, या गतीने मेष संक्रांत ऋतूंच्या मागे पडत आहे.

तरीही राष्ट्रीय दिनदर्शिकेतला चैत्र आणि पाडव्याचा चैत्र यांचे नाव तेवढे एक आहे. २२ मार्चला आकाशात चंद्र कोणत्याही कलेचा असू शकतो, अगदी पौर्णिमेचाही. ज्या सणाची ओळखच शुक्ल प्रतिपदा आहे, तो पौर्णिमेला करा असे मला सांगता येणार नाही. कागदपत्रांसाठी ती दिनदर्शिका मला उत्तम वाटते, सणासाठी नाही.

सोमनाथ

मग निदान विषु, पुत्तांडु आणि बैसाखी या सूर्यावरच्या सणांनी तरी तो दिवस घ्यायला काय हरकत आहे? त्यांना चंद्राची अडचण नाही. दिवस आणि रात्र समान असण्याच्या घटकेवरून हे सण निघाले असतील, तर ते त्या घटकेकडे परत नेणे हीच मूळ परंपरा आहे, असे माझे मत कायम आहे.

मीनल (कोची)

बहावा फुलतो तेव्हा विषु, हे येथील माणसाच्या मनात इतके पक्के आहे की मार्चमधला विषु येथे कोणी स्वीकारेल असे मला वाटत नाही. अलीकडे बहावा लवकर फुलून विषुपर्यंत गळून जातो अशी तक्रार मात्र बाजारात दर वर्षी ऐकू येते, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

बाळकृष्ण (रत्नागिरी)

सगळी चर्चा मेष संक्रांत १४ एप्रिलला असते असे धरून चालली आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या टिळक पंचांग आहे. आमची मकर संक्रांत १४ जानेवारीला नसते, १० जानेवारीला असते. त्याच हिशोबाने मेष संक्रांतही आमच्याकडे चार दिवस आधी, १० एप्रिलच्या सुमारास होते. राशीचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील ताऱ्यापासून मोजायचा की चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून, यावर हा फरक अवलंबून आहे, आणि या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसाला अंशभर चालतो, म्हणून चार दिवस.

अरुंधतीताईंचा नियम मला पूर्ण मान्य आहे, परंतु तो लावताना आरंभबिंदू कोणता घेतला हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. बहुतेक वर्षी पाडवा दोन्ही पंचांगांत एकच येतो, कारण चार दिवसांनी संक्रांत सहसा तो महिना सोडून जात नाही. पण ती अमावास्येच्या जवळ आली की फरक पडतो, आणि तोही एका दिवसाचा नाही, एका महिन्याचा.

वैदेही (धागाकर्ती)

बाळकृष्णकाका, असे प्रत्यक्षात कधी होणार आहे का? म्हणजे एखाद्या घरात एक पाडवा आणि शेजारच्या घरात महिनाभराने दुसरा?

बाळकृष्ण (रत्नागिरी)

तीन वर्षांनी होईल. २०२९ साली १५ मार्चला अमावास्या संपते आणि त्यानंतरची १४ एप्रिलच्या पहाटे. आमच्या पंचांगाप्रमाणे मेष संक्रांत १० एप्रिलच्या सुमारास, म्हणजे त्या महिन्याच्या आतच आहे. त्यामुळे १६ मार्चला आमचा चैत्र सुरू होईल आणि त्याच दिवशी पाडवा. प्रचलित पंचांगाचे काय ते अरुंधतीताईच सांगू शकतील.

अरुंधती

प्रचलित पंचांगानुसार १४ एप्रिल २०२९च्या पहाटे आधी अमावास्या संपते आणि त्यानंतर थोड्याच वेळाने, सूर्योदयाच्या आत, सूर्य मेषेत जातो. संक्रांत जेमतेम हुकल्यामुळे १५ मार्चनंतरचा तो सबंध महिना संक्रांतीविना राहतो आणि अधिक चैत्र ठरतो. निज चैत्राची प्रतिपदा १४ एप्रिलला येते, म्हणजे आमच्या हिशोबाने ज्या दिवशी पाडवा तोच दिवस पुत्तांडुचा आणि विषुचाही.

तरीही आमच्या बाजूला सगळे सरळ आहे असे नाही. वर्षाचा आकडा अधिक चैत्राच्या पहिल्या दिवशीच बदलतो, कारण तो महिना फाल्गुनानंतरचा आहे आणि त्याला मागच्या वर्षात बसवता येत नाही, असे काही जाणकार म्हणतात, आणि त्यामुळे गुढीही १६ मार्चलाच उभारावी असे त्यांचे मत आहे. मंगलकार्य अधिकात करू नये, म्हणून गुढी निज चैत्रात असे दुसऱ्यांचे म्हणणे आहे. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पहिल्या बाजूचा युक्तिवाद मला खोडता आलेला नाही.

बाळकृष्ण (रत्नागिरी)

मंगलकार्याचा नियम विवाह आणि मुंज यांच्यासाठी आहे. त्या कार्यांना पुढचा मुहूर्त घेता येतो. वर्षारंभाला पुढचा मुहूर्त कसा घेणार? ज्या दिवशी वर्ष सुरू झाले, त्या दिवशीच गुढी. शके १९५१ हा आकडा तुम्ही १६ मार्चपासून लिहिणार असाल, तर गुढी १४ एप्रिलपर्यंत थांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

अरुंधती

आकडा १६ मार्चपासून लिहावा हे मला मान्य आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यावर उरतो. नित्य कर्म आणि मंगल कर्म यांपैकी गुढी कशात मोडते यावर सगळे अवलंबून आहे, आणि जुन्या निर्णयग्रंथांत वर्षारंभाच्या अभ्यंगाविषयी जे आले आहे ते गुढीलाही लागू करता येईल का, हे मला पुन्हा वाचून पाहावे लागेल. वाचून झाले की याच धाग्यावर लिहीन. २०२९ चे पंचांग छापायला घेतील तेव्हा प्रत्येक पंचांगकर्त्याला यावर एक बाजू घ्यावीच लागेल.